हळदीकुंकवातल्या जाहिराती

माझ्या सुनेने अडीच वर्षं खपून उभं केलेलं काम मी एका संध्याकाळी, हातात अत्तराची कुपी घेऊन, बुडवलं. तेसुद्धा नवी साडी नेसून, गजरा माळून, आपण फार हुशार आहोत अशा तोऱ्यात. तेव्हा मी तरुण होते. अडुसष्ट म्हणजे काही वय नव्हे. आता बहात्तरीत बसून त्या बाईकडे बघते तेव्हा वाटतं, हिला कोणीतरी त्या दिवशी कपाटात कोंडायला हवं होतं.

आमचं घर लालबागला, चाळीत, तिसऱ्या माळ्यावर. सून परळला रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसायची. ती शाखा बंद झाली आणि बाई घरी आल्या. महिनाभर तिने नोकऱ्या शोधल्या. मग एके दिवशी मी बांगड्याचं तिखलं करत असताना ती मोबाईल घेऊन माझ्या डोक्यावर उभी राहिली.

"आई, हळू करा जरा. हात दिसू दे."

"हातात काय बघायचंय? माशात बघ."

हे आमचं पहिलं चित्रीकरण. अंधारं, हलणारं, आणि मागे शेजारच्या खोलीतला टीव्ही. ते लोकांना आवडलं असं नाही. ते लोकांनी पाहिलंच नाही. पण सुनेने चॅनल काढला तो काढला.

माझा मुलगा हिशेबी. बापासारखा नाही, बाप गिरणीच्या संपात सगळं गमावून वर पत्ते खेळायला जायचा. मुलगा म्हणाला, "दोन वर्षं बघ, नाहीतर नोकरी धर."

सून म्हणाली, "तीन लागतील. मी वाचलंय सगळं. पहिल्या वर्षात एक पैसा दिसणार नाही, हे आत्ताच सांगते."

"बरं. तिसऱ्या वर्षीच्या पाडव्यापर्यंत. तुझ्या जुन्या पगाराचा निम्मा जरी येत असला तरी मी तोंड उघडणार नाही."

हे ठरलं चहा पिताना, माझ्यासमोर. मी साक्षीदार होते. आणि साक्षीदारानेच पुढे घोटाळा केला.

पहिलं वर्ष तिने सांगितलं तसंच गेलं. चॅनलला धरून राहिलेली माणसं म्हणजे आमचे नातेवाईक, चाळीतली पोरं आणि कुडाळची माझी भाचरं. मी मात्र खालच्या नाक्यापर्यंत सगळ्यांना सांगून आले होते की आता दर महिन्याला डॉलर येणार. डॉलर! मी आयुष्यात डॉलर पाहिला नव्हता. भाजीवाली विचारायची, "काकी, आले काय?" मी म्हणायची, "वाटेत आहेत."

सून समजावून सांगायची. जिच्या संकेतस्थळावर आमचे व्हिडिओ चढतात तिला आम्ही घरात नुसतं 'कंपनी' म्हणायचो, गिरणीवाल्यांची सवय. तर ही कंपनी जाहिरातींतला वाटा द्यायच्या आधी दोन गोष्टी बघते. हजार माणसांनी चॅनल धरलेला, म्हणजे सबस्क्राइब केलेला असावा, आणि मागच्या बारा महिन्यांत मिळून लोकांनी चार हजार तास आमचे मोठे व्हिडिओ बघितलेले असावेत.

"आणि ते माझे छोटे छोटे?" मी विचारलं. कारण माझी एक वेगळीच कीर्ती सुरू झाली होती. मी कोलंबीला शिव्या देत साफ करते, असा अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा तिने टाकला होता आणि तो लाखभर लोकांनी पाहिला होता. डॉक्टरकडे गेले तरी नर्स ओळखायची.

"ते त्या तासांत धरत नाहीत, आई."

"का? त्यात मी असते म्हणून?"

"छोटे आहेत म्हणून. त्यांचा हिशेब वेगळा. आणि मोठ्यांचे तासही वर्ष झालं की मागून गळत जातात. म्हणून सतत करत राहायचं."

ती करत राहिली. आठवड्याला दोन. सकाळी मुलगा कामावर गेला की खिडकीतून उजेड येतो तेवढ्या वेळात चित्रीकरण, कारण दुपारनंतर समोरच्या टॉवरची सावली आमच्या ओट्यावर पडते. भायखळ्याच्या मार्केटातून भाजी आणायची, घासाघीस करायची, वर येऊन सगळं मांडायचं. एक कालवण तीन वेळा करायचं: एकदा वरून, एकदा बाजूने, एकदा माझा हात मध्ये आला म्हणून. घरात इतकं कालवण व्हायचं की शेवटच्या खोलीतल्या मालवणी बाईला रोज एक टोप जायचा. या बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान, एकट्या राहणाऱ्या, आणि शब्दाला पक्क्या. हे लक्षात ठेवा, त्यांच्या पक्केपणावरच माझी गोष्ट फुटली.

दुसरं वर्ष सरता सरता हजार झाले आणि तासही भरले. अर्ज केला, कंपनीने साधारण महिनाभर तपासून होकार दिला. मला वाटलं, उद्या पैसे. सून हसली. आधी थोडे डॉलर जमले की घरी टपालाने एक आकडा येणार, पत्ता खरा आहे का ते बघायला. तो कागद पोस्टमनने खाली कोणाच्या तरी खोलीत टाकला आणि आम्ही तो आठवडाभर सगळ्या चाळीत शोधला. मग शंभर डॉलर पुरे होईपर्यंत कंपनी काही पाठवत नाही. असं करता करता पहिला भरणा बँकेत आला तो चार-साडेचार महिन्यांनी. सुनेने पेढे आणले. मी म्हटलं, "पेढे वजा केले की उरतंय काय?" अशी मी तेव्हा बोलायची. तिचं तोंड उतरलेलं मी पाहिलं आणि आणखी एक पेढा खाल्ला.

जाहिरातवालेही येऊ लागले. पहिल्यांदा पैसे नाहीतच, नुसत्या वस्तू: एकाने न चिकटणारा तवा पाठवला, एकाने चमच्यांचा संच. मग एका कुकरवाल्याने पैसे देऊ केले. तो विचारत होता, गेल्या तीन महिन्यांत किती लोकांनी पाहिलं, कोणत्या शहरातले, बायका किती. सुनेने सगळं पाठवलं आणि वर स्वतःच अट घातली: दोन आठवडे घरात वापरून बघणार, आवडला तरच करणार, आणि व्हिडिओवर 'यासाठी पैसे घेतलेत' अशी पाटी लावणार.

"पाटी कशाला? लोकांना कशाला सांगायचं?" मी म्हटलं.

"नियम आहे. आणि नसता तरी लावली असती. उद्या आपण मसाला विकायला काढला तर हीच माणसं विकत घेणार आहेत."

हा तिचा खरा मनसुबा. जाहिरातीचे पैसे म्हणजे किराणा, कुकरवाला म्हणजे अधूनमधूनची ओवाळणी, आणि टिकणारं काय ते आमच्या घरचा मालवणी मसाला. पण मसाल्याला भांडवल लागतं, मिरच्या मे महिन्याच्या आधी घ्याव्या लागतात, आणि पाडवा त्याच्याही आधी. तोपर्यंत जाहिरातींवरच निभावायचं होतं. ती कागदावर न मांडता डोक्यात सगळं जुळवायची. जानेवारी उजाडला तेव्हा निम्म्या पगारापर्यंत अजून बराच पल्ला होता. ती रात्री जेवताना कमी बोलायला लागली.

अशात गिरगावातली माझी धाकटी बहीण एका साखरपुड्यात भेटली. तिची सून बँकेत ऑफिसर. माझ्या ताटात स्वतःच्या हाताने जिलबी वाढून बहीण म्हणाली, "काय गं ताई, तुझ्या सुनेचा तो मोबाईलवरचा भटारखाना चालतोय का अजून? की आता कुठे चिकटवायची तिला?"

मी जिलबी खाल्ली आणि मनात आग घेऊन लालबागला आले.

आग लागली की माझ्या डोक्यात कल्पना येतात. सुनेने कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं की जाहिरात नुसती दिसली तर थोडे मिळतात, कोणी ती दाबून आत गेला तर जास्त. झालं. मला वाटलं, एवढीशी गोष्ट आणि या शिकलेल्या पोरीला सुचू नये! दाबायला बोटं लागतात. आणि बोटं मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणारच होते.

त्या वर्षी मी वाणाला मसाल्याच्या पुड्या केल्या. सून खूश झाली, म्हणाली, "आई, छान सुचलं, लोकांना आपली चवही कळेल." ती आत स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या बशीत लावत होती आणि मसाला दूध ढवळत होती. दारात मी. हळद, कुंकू, मग मनगटाला अत्तर. आणि अत्तर लावायला वाकले की कानात:

"आमच्या चॅनलवर जायचं. जाहिरात आली की दाबायची. रोज. पाच-सहा वेळा तरी. सुनेला बोलू नको, तिला सरप्राईज आहे."

बायका मान डोलवायच्या. एकीने मोठ्याने विचारलं, "दाबून पुढे काय करायचं, काकू?"

"श्शू! काही नाही करायचं. बंद करायचं आणि परत दाबायचं."

शेवटच्या खोलीतल्या बाईंनी तर हात हातात घेऊन सांगितलं, "काकी, काळजी करू नका. देवाक दिवो लावलंय काय दाबतलंय." म्हणजे रोज देवापुढे दिवा लावला की लगेच.

आणि दाबलं की हो बायांनी! चाळीत मिनिटा-मिनिटाला बोटं चालत होती. आमचं वायफाय तीन-चार खोल्यांत दिलेलं, त्याच वायफायवरून. दुसऱ्या माळ्यावरच्या एकीने कोणत्या तरी बिल्डरच्या जाहिरातीवर दाबता दाबता आपला नंबरही भरून टाकला आणि त्यांच्याकडून फोन सुरू झाले. रोज एक मुलगा तिला ठाण्याला टू बीएचके बघायला कधी येता म्हणून विचारायचा. तिच्या नवऱ्याला वाटलं बायकोने परस्पर फ्लॅट घेतला. मी हे ऐकून पोट धरून हसले. मला वाटलं, कामाला लागलेत सगळे.

सुनेने दोन-तीनदा म्हटलं, "आई, यंदा आकडा अचानक वर गेलाय. व्ह्यूज तर तेवढेच आहेत. का ते कळत नाही."

मी म्हटलं, "तुझ्या कष्टाला फळ आलं." हे वाक्य मी तोंडाने उच्चारलं आहे. आज लिहितानाही हात थांबतो.

फेब्रुवारीत कंपनीचा मेल आला. सुनेने तो उभ्यानेच वाचला आणि मग खाली लादीवर बसली. आमच्या जाहिरातींवर पडलेले दाब खरे नाहीत, खोटी वर्दळ आहे. म्हणून जाहिरातींचं खातं बंद. त्या महिन्याचे पैसे मिळणार नाहीत, ज्यांनी जाहिराती दिल्या त्यांना परत जातील. काही म्हणायचं असेल तर एक अर्ज करा, नीट विचार करून करा, कारण परत परत बघणार नाही.

मी विचारलं, "म्हणजे चॅनल बंद?"

"चॅनल राहील. व्हिडिओ राहतील. कंपनीला वाटलं तर त्यावर जाहिरातीही दाखवेल. पैसे आपल्याला नाहीत."

तिने अर्ज दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिला. मी तिच्या शेजारी पाटावर बसून लसूण सोलत होते. ती इंग्रजी प्रश्न वाचायची आणि माझ्यासाठी, मला कळावं म्हणून, मराठीत मोठ्याने सांगायची. किती प्रेमाने सांगायची! तुमचे प्रेक्षक कुठून येतात. तुम्ही कधी पैसे देऊन प्रेक्षक आणलेत का. तुम्ही स्वतः, किंवा घरातल्या, ओळखीतल्या कोणी जाहिराती दाबल्यात का, किंवा दुसऱ्यांना दाबायला सांगितलंय का.

इथे ती थांबली. माझ्याकडे बघून हसली. थकलेलं हसू.

"आई, तुम्ही नाही ना दाबल्यात?"

मी म्हटलं, "मला चष्म्याशिवाय दिसतं तरी काय गं?"

बघा, खोटं बोलले का? नाही. मी एकदाही दाबली नव्हती. मी फक्त बत्तीस बायकांना दाबायला लावलं होतं. असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं आणि पुढची पाकळी सोलली. वास येत होता, बोटं चिकट झाली होती, आणि ती लिहीत होती की आम्ही प्रामाणिक माणसं आहोत, घरातल्या कोणीही असं काही केलेलं नाही, हे कसं झालं आम्हाला माहीत नाही. लिहून झाल्यावर तिने तेही मला वाचून दाखवलं. "बरोबर आहे ना, आई?"

मी म्हटलं, "बरोबर आहे. पाठव."

आठवड्याने नकार आला. कंपनीने कारण दिलं नाही. पाडवा आला. निम्मा पगार येत नव्हता, तरी मुलाने तोंड उघडलं नाही. पण सुनेने स्वतःच परळच्या एका हॉस्पिटलात बिलिंगच्या काउंटरवर नोकरी धरली. सकाळी डबा भरून जाताना ती ओट्याकडे बघायची नाही. मोबाईलचा स्टँड कोपऱ्यात, कपडे वाळत घालायला कामी आला.

मी सांगू शकले असते. रोज सांगू शकले असते. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज तिला उशीर होत असायचा. ती घरी आली की दमलेली असायची. माणसाला गप्प राहायला किती सोयीची कारणं मिळतात!

मग एप्रिल आला. मसाल्याचे दिवस. नोकरी असो, चॅनल असो, आमच्या घरात वर्षाचा मसाला होतोच. गॅलरीत चादरी पसरून ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या ओतल्या आणि रविवारी आम्ही देठं काढायला बसलो, सून, मी आणि शेवटच्या खोलीतल्या बाई. मिरच्यांची धूळ नाकात, हातांची आग. बाई कौतुकाने म्हणाल्या,

"काय गो, तुझ्या चॅनलचा मी काय बंद नाय केलंय हां. अजून रोज दाबतंय. जाहिरात येता, मी दाबतंय. सकाळी पाच, दुपारी पाच."

सून म्हणाली, "काय दाबता, मावशी?"

"जाहिरात! काकीन सांगितल्यान ना, हळदीकुंकवाक. सगळ्यांका सांगितल्यान. बाकीच्यांनी सोडल्यानी, मी सोडूक नाय." आणि माझ्याकडे वळून, "आता तरी सांगा तिका, काकी. सरप्राईज, सरप्राईज म्हणून किती दिवस?"

मी मिरचीचं देठ धरून बसले होते. ते मी तोडलं नाही, ठेवलंही नाही. सुनेने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मावशींना म्हणाली, "आता नका दाबू, मावशी. पुरे झालं. खूप केलंत तुम्ही." इतकं शांतपणे की बाईंना वाटलं आपलं कौतुकच झालं.

मी वाट पाहत होते की ती ओरडेल. मुलाला सांगेल. माझा टोप वेगळा करेल. काही नाही. दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली, संध्याकाळी आली, चहा केला, माझा कप माझ्यासमोर ठेवला. पुढच्या रविवारी आम्ही दोघी मिरच्या घेऊन खाली मसाला कुटायच्या डंकावर गेलो. तिथे सगळेच शिंकत आणि डोळे पुसत असतात, म्हणून मी रडले ते कोणाला कळलं नाही. तिला कळलं असेल. तिने रुमाल पुढे केला, पण माझ्याकडे न बघता.

त्याच महिन्यात ती मसाल्याच्या मागे लागली. मला वाटलं, माझ्यावरचा राग काढतेय. नंतर कळलं, तिने आधीच ठरवलेलं होतं ते फक्त ती आता एकटीने करत होती. अन्नपदार्थ विकायचा परवाना लागतो. छोट्या धंद्याला नुसती नोंदणी पुरते, ती तिने ऑनलाइन केली. तो नंबर, वजन, कधी भरला, कधीपर्यंत वापरायचा, काय काय आहे, हिरवी खूण, हे सगळं लेबलावर. पहिली खेप घरच्या मसाल्यापेक्षा थोडीच मोठी. पिशव्यांना दोन पदर नव्हते म्हणून कुरिअरवाला पोऱ्या जिन्यावरच शिंकत बसला आणि दोन पार्सलं परत आली. दुसऱ्या खेपेला जाड पिशव्या. मिरची महागली तेव्हा भाव वाढवायला ती घाबरली आणि एक खेप तोट्यात गेली. तिसऱ्या खेपेपासून थोडं उरायला लागलं.

घेणारे कोण? चॅनलवरचेच. दर रविवारी ती एक तरी मोठा व्हिडिओ टाकायची, त्यावर जाहिराती यायच्या, पैसे यायचे नाहीत, ती टाकायची. कुकरवालाही परत आला. त्याला कंपनीच्या खात्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला बघणारी माणसं हवी होती. वर्षभराने मसाल्याचं आणि अशा अधूनमधूनच्या कामांचं मिळून जे जमलं त्याने तिने हॉस्पिटलात पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस मागून घेतला. आजही अर्धा दिवस जाते. पूर्ण सोडायला अजून वर्ष-दीड वर्ष लागेल असं ती म्हणते, आणि तिचे अंदाज बरोबर निघतात. जाहिरातींचं खातं राहिलं असतं तर ती केव्हाच घरी बसून हेच करत असती. तेवढा फरक माझा.

त्या सबंध वर्षात तिने हळदीकुंकवाचं अक्षर काढलं नाही. मी धीट झाले. मला वाटलं, विसरली. आपल्याला जे विसरावंसं वाटतं ते दुसराही विसरला, असं माणूस समजतो. शेवटच्या खोलीतल्या बाई आणि मी ती गोष्ट रंगवून रंगवून सांगायला लागलो. बिल्डरचा मुलगा, टू बीएचके, सकाळी पाच, दुपारी पाच. चाळ हसायची. माझ्या बहिणीला फोनवर सांगितली, तीही हसली.

पुढच्या एप्रिलमध्ये विक्रीच्या मसाल्यासाठी आम्ही घरात मिरच्या भाजत होतो. ओट्यासमोर मोबाईल लावलेला, चित्रीकरण चालू. मोठ्या कढईत तेलाचा थेंब, मंद आच, मी उलथनं घेऊन उभी. आणि मला सुचलं. आता मला सुचलं की घाबरायला हवं, पण सवय.

"थांब," मी म्हटलं, आणि मोबाईलकडे तोंड करून सुरू केलं. "मंडळी, आमच्या चॅनलवर जाहिरातीचे पैसे येत नाहीत ते का, माहितीय? त्याला कारण मी! मी काय केलं, हळदीकुंकवाला बत्तीस बायका बोलावल्या..." मी हात नाचवत होते. आवाज बदलून मावशींची नक्कल केली. मला माहीत होतं, हे चालणार. माझ्या कोलंबीपेक्षा जास्त चालणार. लोकांना आपल्यावर हसणारी म्हातारी आवडते. अर्जाच्या दुपारपर्यंत आले आणि "मी आपली शेजारी बसून लसूण सोलतेय, आणि ही मला विचारते," असं म्हणून चष्म्याचं वाक्य टाकणार, तेवढ्यात सुनेने पुढे होऊन मोबाईल बंद केला.

कढईतून धूर यायला लागला होता. तिने आच कमी केली. मला वाटलं, आता वर्षभराचं साठलेलं एकदम बाहेर येणार. पण ती हळूच बोलली, जशी हॉस्पिटलात काउंटरवर कोणाशी बोलत असेल तशी.

"बायकांना दाबायला लावलंत ते मी कधीच सोडून दिलंय, आई. खरं लिहिलं असतं तरी त्यांनी खातं परत दिलं असतं की नाही, कोण जाणे. त्यावर तुम्ही हसा, मीही हसेन, व्हिडिओत घाला. पण मी तो अर्ज वाचून दाखवत होते आणि तुम्ही 'बरोबर आहे, पाठव' म्हणालात, ते हसायला घेऊ नका. मला त्याचं अजून हसू येत नाही. उलटा त्या मिरच्या, करपतायत."